पॉलिकार्बोनेट हरितगृहाचं छत दरवर्षी फुगतं, तडकतं, गळतं: सिलिकॉन बाजूला ठेवा, शीटला सरकायला जागा द्या

उन्हाळ्यात दुपारी छतातून कट-कट आवाज येतो, शीट दोन पाइपांच्या मध्ये फुगून वर येतात, पावसाळ्यात स्क्रूजवळून थेंब पडतात आणि दिवाळीपर्यंत शीटच्या आतल्या नळ्यांमध्ये हिरवी रेघ दिसायला लागते. मालक माणूस बोलावतो, प्रत्येक स्क्रूवर सिलिकॉनचा गोळा बसतो, आणि पुढच्या वर्षी तेच सगळं परत. गेल्या काही वर्षांत मी हे इतक्या ठिकाणी पाहिलंय, की आता फोनवर लक्षणं ऐकूनच पहिला प्रश्न विचारतो: "स्क्रूसाठी भोक किती मिलिमीटरचं पाडलं होतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "भोक वेगळं पाडलंच नाही, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट मारला."

आजार तिथेच आहे. गळती हे त्याचं शेवटचं लक्षण. नारायणगावजवळच्या एका रोपवाटिकेचं छत आम्ही गेल्या वर्षी उतरवून पुन्हा बसवलं, तेच उदाहरण घेऊन लिहितो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

एका बाजूला उतार असलेलं, भिंतीला टेकून उभं केलेलं हरितगृह. वर १० मिमी जाडीच्या पोकळ पॉलिकार्बोनेट शीट, एकूण सहा. प्रत्येक शीट २.१ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब. खाली जीआय पाइपचा सांगाडा, साधारण ९५ सेंटीमीटरवर एक याप्रमाणे सात आडवे पाइप. आत टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या रोपांचे ट्रे. छत बसवून तीन वर्षं झाली होती आणि तिन्ही वर्षी सिलिकॉन भरलं होतं.

आधी पेन्सिलची खूण, मग पाना

छताला हात लावण्याआधी एक साधी तपासणी करा, तिला पैसा लागत नाही. पहाटे, ऊन यायच्या आत, शीटच्या खालच्या कडेशी पाइपवर पेन्सिलने बारीक रेघ मारा. मग दुपारी दोन वाजता जाऊन बघा, शीटची कड त्या रेघेपासून किती पुढे आली.

पॉलिकार्बोनेट तापलं की खूप वाढतं. एक मीटर लांबीमागे, एका अंशामागे ०.०६५ मिमी. लोखंड त्याच हिशेबाने ०.०१२ मिमी, म्हणजे पाचपटीहून कमी. त्या दिवशी पहाटे शीट २० अंशांच्या आसपास होती आणि दुपारी ५५ च्या. ३५ अंशांचा फरक, ५.८ मीटर लांबी: शीट वाढायला हवी १३ मिमी. खालचा सांगाडा सावलीत असल्यामुळे कमी तापतो, तो वाढणार दीड मिमी. म्हणजे शीट वरच्या टोकाला पक्की धरलेली असेल, तर खालची कड रेघेच्या पुढे ११-१२ मिमी जायला हवी होती. प्रत्यक्षात गेली होती ३ मिमी.

मग उरलेली आठ-नऊ मिमी लांबी गेली कुठे? ती पाइपांच्या मधल्या सहा गाळ्यांमध्ये वाटली गेली, प्रत्येक गाळ्यात सुमारे दीड मिमी. वाचायला किरकोळ वाटतं. पण दोन्ही टोकं घट्ट धरलेल्या ९५ सेंटीमीटरच्या पट्टीत दीड मिमी जादा लांबी कोंबली, तर तिला कमान होण्याशिवाय मार्ग नसतो, आणि त्या कमानीचा मध्य भूमितीच्या हिशेबाने २३ मिमी वर येतो. आम्ही सुतळी ताणून मोजलं तर दोन सेंटीमीटरच्या थोडं वर फुगवटा भरला. मालक म्हणाले, "अहो, मला वाटायचं शीट हलक्या प्रतीची लागली." शीट चांगली होती. तिला जायला वाट नव्हती.

हा फुगवटा रोज येतो आणि रोज रात्री बसतो. स्क्रूभोवतीचं प्लॅस्टिक दिवसातून एकदा ढकललं जातं, एकदा ओढलं जातं. वर्षात तीनशे-साडेतीनशे वेळा. सिलिकॉनचा गोळा त्या हालचालीपुढे किती टिकणार? आणि मुळात तो गोळा शीटला अजून घट्ट चिकटवत असतो.

तडा आणि हिरवी रेघ काय सांगतात

तड्याचा आकार बघून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं. भोकाच्या कडेपासून एक-दोन सरळ तडे निघून शीटच्या टोकाकडे धावत असतील, तर ती हालचाल अडल्याची खूण. आमच्याकडे सगळ्यात वाईट तडे खालच्या पाइपवरच्या रांगेत होते, कारण तिथे स्क्रू शीटच्या टोकापासून जेमतेम दीड सेंटीमीटरवर मारले होते. पोकळ शीटमध्ये टोकापासून किमान ४ सेंटीमीटर आत आल्याशिवाय भोक पाडू नये.

पण वॉशरखाली किंवा सिलिकॉनच्या खाली केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसत असेल आणि प्लॅस्टिक पांढुरकं झालं असेल, तर कारण रासायनिक आहे. मऊ पीव्हीसीच्या वॉशरमधलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला तडकवतं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉनही नको. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्यावं, आणि रबर ईपीडीएमचं असावं. पीव्हीसी पाइपचं सोल्युशन, थिनर, ऑइलपेंटचे शिंतोडे यांचा शीटला स्पर्शसुद्धा होऊ देऊ नका. आमच्या छतावर दोन्ही प्रकारच्या भेगा होत्या, म्हणून नुसती भोकं मोठी करून भागलं नसतं.

पाणी आत कुठून शिरतं तेही शीटच सांगते. तिच्या आतल्या नळ्या एकमेकींपासून बंद असतात, त्यामुळे एका भोकातून शिरलेलं पाणी फक्त त्या भोकाखालच्या एक-दोन नळ्यांतून उतरतं. हिरवी रेघ एखाद्या स्क्रूपाशी सुरू होऊन सरळ खाली गेली असेल, तर गळती त्या स्क्रूची. रेघा सगळ्याच नळ्यांमध्ये अगदी वरपासून असतील, तर वरच्या टोकाची पट्टी सुटलीय. आणि फक्त खालच्या हातभर भागात पाणी साचून शेवाळ धरलं असेल, तर खालचं टोक कुणीतरी पूर्ण बंद केलंय.

हे शेवटचं फार वेळा होतं, कारण करणाऱ्याला वाटतं आपण पक्कं काम करतोय. नळ्यांमधली हवा रात्री आकसते आणि बाहेरची दमट हवा थोडी का होईना आत ओढतेच. तिचं पाणी होतं. त्या पाण्याला खाली निघायला वाट हवी. आमच्या सहाही शीटच्या खालच्या टोकाला साधी चिकटपट्टी लावून वर सिलिकॉन भरलं होतं. पट्टी सोलली तेव्हा एकेका शीटमधून तांब्याभर हिरवं पाणी निघालं.

छत उतरवल्यावर

सहापैकी दोन शीट बाद केल्या. त्या उलट्या बसल्या होत्या. उन्हापासून संरक्षण देणारा थर शीटच्या एकाच बाजूला असेल, तर ती बाजू वर यायला हवी आणि नव्या शीटवर चिकटलेल्या फिल्मवर तसं छापलेलं असतं. फिल्म काढून टाकल्यावर डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून फिल्म काढायच्या आधी वरच्या बाजूला कडेशी मार्करने फुली मारून ठेवा. या दोन शीट तीन वर्षांत पिवळट आणि ठिसूळ झाल्या होत्या.

उरलेल्या चार शीटची पट्टी काढून त्या सावलीत उभ्या केल्या, साबणाच्या पातळ पाण्याने नळ्या धुतल्या आणि कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेने फुंकून दोन दिवस वाळवल्या. जुनं शेवाळ पूर्ण जात नाही. फिकट डाग राहिले, ते मालकांनी मान्य केले. टोकाजवळ तडकलेली पट्टी ३ सेंटीमीटर कापून टाकली आणि खालचा आडवा पाइप ८ सेंटीमीटर वर सरकवून वेल्ड केला, म्हणजे शेवटची स्क्रूची रांग टोकापासून पुरेशी आत आली. पाइपांच्या ज्या पाठीवर शीट टेकते ती पांढरी रंगवली आणि रंग आठवडाभर पूर्ण वाळू दिला. काळपट पाइप उन्हात तापतो आणि शीटला नेमकं टेकलेल्या जागी भाजतो.

आता भोकांचा हिशेब. सबंध वर्षाचा विचार केला, तर शीट थंडीतल्या पहाटे १० अंशांवर आणि एप्रिल-मेच्या दुपारी ६० च्या आसपास धरा. ५० अंशांत ५.८ मीटरची शीट १९ मिमी हलते. लोखंडाची वाढ वजा केली तरी १७ मिमी उरते. शीट वरच्या टोकाला पक्की केली, तर ही सगळी हालचाल खालच्या टोकाला येते आणि तिथे लांबोळकी भोकं पाडावी लागतात. म्हणून आम्ही शीट मधल्या, म्हणजे चौथ्या पाइपवर पक्की केली. मग दोन्हीकडे निम्मीच हालचाल राहते.

मधल्या पाइपवर ८ मिमीचं भोक. स्क्रू ६ मिमीचा, त्यामुळे तिथे शीट जवळपास जागेवर राहते. त्याच्या शेजारच्या दोन पाइपांवर १२ मिमी, त्यापुढच्या दोनवर १५ मिमी आणि टोकाच्या दोनवर १८ मिमी. सूत्र सोपं आहे: मधल्या पाइपपासून दर मीटरला साधारण ३ मिमी हालचाल, त्यात स्क्रूची जाडी आणि थोडी सूट मिळवायची. जुनी ६ मिमीची भोकंच स्टेप ड्रिलने मोठी केली. त्यात एक फायदा असा झाला, की भोकाभोवतीचे चार-पाच मिमीचे लहान तडे कापलेल्या भागाबरोबर निघून गेले. तडा त्याहून लांब असेल, तर मात्र ते भोक सोडून द्यावं आणि त्या शीटचा भरवसा धरू नये.

एवढं मोठं भोक बघून आमच्या वेल्डरला धास्ती वाटली. "पाणी नाही का शिरणार, भाऊ?" भोक झाकायचं काम वॉशरचं. १८ मिमीच्या भोकात स्क्रू एका बाजूला गेला, तरी दुसरी बाजू झाकली जायला हवी, म्हणून ५० मिमी व्यासाचा धातूचा वॉशर घेतला, खाली तेवढीच ईपीडीएमची चकती आणि स्क्रूच्या डोक्याखाली एक लहान रबरी चकती. मोठा वॉशर वाऱ्यालाही जास्त धरतो. वळवाच्या वादळात शीट उपटली जाते ती बहुधा लहान वॉशरवरून सुटून.

स्क्रू किती आवळायचा हे मशिनवर सोडू नका. मशिनने तो जवळ आणा, शेवटचे फेरे हाताने द्या. रबर शीटला सगळीकडून टेकलं पाहिजे, पण अंगठ्याने जोर दिल्यावर वॉशर थोडा फिरला पाहिजे. वॉशरभोवती शीटला खळी पडलेली दिसली, तर जास्त आवळलंय, अर्धा फेरा मागे घ्या. आम्ही प्रत्येक शीट बसवून झाल्यावर खालच्या टोकाला दोन्ही तळवे लावून वरच्या दिशेने ढकलून पाहिली. ती कष्टाने पण सरकते, हे हाताला कळतं.

आडवी वाढ लोक विसरतात

लांबीकडे लक्ष जातं, रुंदीकडे जात नाही. २.१ मीटर रुंद शीट त्याच ५० अंशांत आडवी ७ मिमी वाढते. दोन शीट एच प्रोफाइलमध्ये दोन्हीकडून खेटून बसवल्या, तर त्यांना वाढायला जागा उरत नाही, आणि मग जोड वर उचलला जातो. तिथून गळतं.

आमच्या सांगाड्याची रुंदी बदलणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक शीटची एक लांब कड कापली. पण कशी कापली ते महत्त्वाचं. पोकळ शीटच्या आत उभ्या बारीक भिंती असतात, या शीटमध्ये साधारण १० मिमीवर एक. आम्ही बारीक दातांच्या करवतीने कडेची एकच नळी काढली, आणि करवत पुढच्या भिंतीला लागून बाहेरून चालवली. त्यामुळे नवीन कडसुद्धा भिंतीने बंदच राहिली. नळीच्या मधून कापलं असतं तर दोन पातळ पापुद्रे लोंबत राहिले असते आणि त्यांत पाणी अडलं असतं. असे प्रत्येक शीटमागे १० मिमी मोकळे झाले, ते दोन्ही बाजूंच्या जोडांत वाटले. शीटची कड प्रोफाइलमध्ये २० मिमी तरी आत राहिली पाहिजे, हे मोजूनच कापा. नाहीतर थंडीत आकसलेली शीट वाऱ्याने प्रोफाइलमधून निसटते.

काम कोणत्या हवेत करता यावरही मोकळी जागा ठरते. डिसेंबरच्या सकाळी बसवत असाल, तर शीट जवळजवळ सर्वात आखूड असते. पुढची सगळी वाढ बाकी आहे असं समजून पूर्ण जागा सोडा आणि स्क्रू भोकाच्या टोकाकडच्या कडेला ठेवा, असा की शीट त्याच्यावरून बाहेर सरकू शकेल... इथे गोंधळ होतो, म्हणून डोळ्यांसमोर आणा: तापल्यावर भोक मध्यापासून दूर जाणार आहे, स्क्रू मात्र जागेवर राहणार. म्हणून थंडीत बसवताना स्क्रू भोकाच्या टोकाकडच्या बाजूला हवा. मे महिन्याच्या दुपारी नेमकं उलटं. आम्ही ऑक्टोबरमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला काम केलं, तेव्हा शीट ३० अंशांच्या आसपास होती, त्यामुळे स्क्रू भोकाच्या मध्यभागी धरून चाललं.

दोन टोकं, दोन वेगळ्या पट्ट्या

वरच्या टोकाला सलग ॲल्युमिनियमची पट्टी, जिच्यातून हवा-पाणी काही जात नाही. खालच्या टोकाला बारीक छिद्रांची, मध्ये गाळणीचा थर असलेली पट्टी, जिच्यातून वाफ आणि पाणी बाहेर जातं पण धूळ आणि किडे आत जात नाहीत. दुकानात दोन्ही सारख्याच चंदेरी दिसतात. गुंडाळी उजेडासमोर धरली की छिद्रांची पट्टी ओळखू येते. पट्टी लावण्याआधी नळ्यांमधला करवतीचा भुसा फुंकून काढा आणि फिल्म टोकापासून ५ सेंटीमीटर सोलून घ्या. फिल्मवर चिकटवलेली पट्टी फिल्मबरोबरच निघते. बाकीची फिल्म शीट बसली की त्याच दिवशी काढा, उन्हात राहिली तर ती चिकटून बसते.

मग दोन्ही टोकांना यू प्रोफाइल. खालच्या प्रोफाइलच्या तळाला दर ३० सेंटीमीटरवर ३ मिमीचं भोक पाडलं आणि तिथे सिलिकॉनचा थेंबही लावला नाही. नळ्या उताराच्या दिशेने असतात हे गृहीत धरलंय. उतार मीटरला किमान ९ सेंटीमीटर हवा, आमचा त्याहून जास्त होता.

भिंतीकडच्या टोकाला शीट आणि भिंत यांच्यात १५ मिमी मोकळे सोडले. त्यावर पत्र्याची फ्लॅशिंग, ती भिंतीला पक्की आणि शीटवर १० सेंटीमीटर नुसती टेकलेली, मध्ये ईपीडीएमची पट्टी. शीट त्या पट्टीखाली मागे-पुढे सरकते. न्यूट्रल सिलिकॉन लागलं ते फक्त फ्लॅशिंग आणि भिंतीच्या जोडात, म्हणजे जिथे काहीच हलत नाही तिथे. पूर्ण छताला दोन नळ्या पुरल्या. आधीच्या तीन वर्षांत तिथे किती नळ्या रिकाम्या झाल्या असतील, ते जुन्या गोळ्यांच्या ढिगाकडे बघून कळत होतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये पुन्हा पेन्सिलची रेघ मारली. मधल्या पाइपपासून खालच्या टोकापर्यंतच्या अर्ध्या लांबीला हिशेबाने साडेपाच ते सहा मिमी सरकायला हवं होतं. कड पाच मिमीच्या पुढे गेली आणि सुतळी ताणली तर शीट सपाट होती. दुपारचा आवाज पूर्ण थांबलेला नाही. एच प्रोफाइलमध्ये शीट घासते तेव्हा अधूनमधून बारीक खरखर येते, ती हालचालीचीच आहे आणि तिचं काही करायला नको. आवाज ठक्कन, एकाच जागेवरून येत असेल, तर त्या जागेचा स्क्रू तपासा. तो नक्की जास्त आवळलेला असतो किंवा भोकाच्या कडेला टेकलेला असतो.

पावसात एका जागी पाणी आलं, तिसऱ्या शीटच्या खालच्या टोकाला. चढून पाहिलं तर यू प्रोफाइलची तीन भोकं शेजारच्या रस्त्याच्या मातीने बुजली होती आणि प्रोफाइल काठोकाठ भरून पाणी आतल्या बाजूला सांडत होतं. दाभणाने भोकं मोकळी केली, थांबलं. तेव्हापासून मालकांच्या धाकट्या भावाने ते काम अंगावर घेतलंय: मृगाच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा, शिडी आणि दाभण घेऊन सगळी भोकं.